भाडं 20 लाखांवर गेलं: नोंदणी घ्यायची की दुकानाचं भाडं उतरवायचं?

प्रश्न: अंबडला दोन गाळे आहेत, प्रत्येकी 70,000 भाडं, दोन्ही कंपन्या जीएसटीत नोंदलेल्या. गंगापूर रोडला एक दुकान, 30,000 भाडं, भाडेकरू किराणावाला, तो काँपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी टक्के कर भरणाऱ्या छोट्यांच्या योजनेत. वर्षाचे 20.40 लाख होतात. मला नोंदणी लागेल का?

सातपूरकर: नाही लागत. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यावसायिक जागा नोंदणीकृत भाडेकरूने घेतली, तर 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूच भरतो. तुमचे तिन्ही भाडेकरू नोंदलेले आहेत. ज्याचा सगळा पुरवठा रिव्हर्स चार्जमध्ये येतो, त्याला 20 लाख ओलांडले तरी नोंदणीतून सूट आहे.

हिशेबनीस: सातपूरकर, सूट आहे हे बरोबर, पण ती या मालकाला मिळत नाही. 16 जानेवारी 2025 पासून काँपोझिशनवाला भाडेकरू या रिव्हर्स चार्जमधून वगळला आहे. म्हणजे दुकानाचं भाडं साध्या पद्धतीत आलं आणि ‘सगळा पुरवठा रिव्हर्स चार्जचा’ ही अट मोडली. आणि 20 लाख मोजताना गाळ्यांचे 16.80 लाखही धरायचे. त्यावरचा कर कंपन्या भरतात म्हणून ती रक्कम उलाढालीतून निघत नाही. महिन्याला 1.70 लाख या हिशेबाने फेब्रुवारीअखेर 18.70 होतात आणि मार्चच्या भाड्याने मर्यादा ओलांडते. तिथून 30 दिवसांत अर्ज करायचा.

नोंदणी झाली की कंपन्यांचा रिव्हर्स चार्ज थांबतो. मग दर गाळ्याच्या बिलात 12,600 रुपये कर तुम्ही लावायचा. त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती रक्कम स्वतःच्या करातून वजा करता येते, त्यामुळे त्यांची कुरकुर नसते. फक्त नोंदणीची तारीख त्यांना लेखी कळवा, नाहीतर एकाच महिन्याचा कर दोघंही भरून बसता. झळ बसते ती किराणावाल्याला. महिन्याला 5,400 जास्त, क्रेडिट शून्य.

पाथर्डी फाटा: माझा फ्लॅट एका कुटुंबाला 15,000 ने दिलाय. मलाही कर लावावा लागेल का?

हिशेबनीस: राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर कर नाही. पण तुमचं व्यावसायिक भाडंही येत असेल, तर 20 लाख मोजताना हे 1.80 लाख त्यात मिळवावे लागतात. पुष्कळांचा आकडा इथेच चुकतो.

द्वारका चौक: मग काँपोझिशन घ्या. सेवा देणाऱ्यांना 50 लाखांपर्यंत 6 टक्के आहे, 18 कशाला?

हिशेबनीस: 6 टक्के संपूर्ण 20.40 लाखांवर, म्हणजे 1,22,400, आणि तेही स्वतःच्या खिशातून. भाडेकरूकडून तो कर घेता येत नाही. उलट नियमित नोंदणीत किराणावाला जास्त द्यायला तयार झाला नाही आणि 30,000 मध्येच कर धरला, तरी महिन्याला 4,576, वर्षाला सुमारे 54,900 जातात. गाळ्यांचा कर कंपन्या देतात. इथे 6 टक्के महागच पडतं.

भगूरची सून: माझं मत वेगळं आहे. दुकानाचं भाडं 26,500 करा. एकूण 19.98 लाख. वर्षाला 42,000 सोडावे लागतात, पण 54,900 पेक्षा ते कमीच, आणि दरमहाची रिटर्नं, सीएची फी, उशिराचा दंड, सगळंच टळतं. जुना भाडेकरूही टिकतो.

हिशेबनीस: करारात खरोखर 26,500 लिहिलं आणि वरचे 3,500 रोख घेतले नाहीत, तर त्यात गैर काही नाही. पण 2,000 रुपयांची फट आहे फक्त. मेंटेनन्स भाडेकरूकडून भाड्यासोबत घेत असाल, तर तोही उलाढालीत येतो. आणि गाळ्यांच्या करारात दरवर्षी 5 टक्के वाढ असेल, तर पुढच्याच वर्षी 84,000 वाढतात. मग दुकान 19,500 ला देणार का?

भगूरची सून: वाढ करारात आहे की नाही ते प्रश्नकर्त्यांनी सांगावं. नसेल तर माझा मार्ग चालतो.

सातपूरकर: काँपोझिशनची तारीख माझ्याकडून सुटली होती. पण मग किराणावाला नियमित नोंदणीत आला तर? तिन्ही रिव्हर्स चार्जमध्ये येतात आणि मालक मोकळा.

हिशेबनीस: येतात. पण भाड्यासाठी तो आपल्या धंद्याची सगळी पद्धत का बदलेल? आणि मालकाची बँकेत एफडी आहे का? व्याज ही करमुक्त सेवा. गुजरातच्या जीएसटी प्राधिकरणाने एका अर्जदाराला दिलेल्या ॲडव्हान्स रूलिंगने 2020 मध्ये ते उलाढालीत धरलं. तसं धरलं, तर ‘फक्त रिव्हर्स चार्ज’ही राहत नाही आणि 19.98 लाखही राहत नाहीत.

भगूरची सून: ते रूलिंग त्या अर्जदारापुरतं आहे. बचतीवर व्याज मिळवणं म्हणजे सेवेचा धंदा, हे मला पटत नाही.

हिशेबनीस: मलाही मनापासून पटत नाही. तरीही 2,000 च्या फटीवर हा वाद मी ओढवून घेणार नाही. नोंदणी चुकली असं ठरलं, तर कर आणि 18 टक्के व्याज भरावं लागतं, वर 10,000 किंवा कराइतका, यातला मोठा दंड. प्रश्नकर्त्यांनी एफडीच्या व्याजाचा आकडा आणि गाळ्यांच्या करारातलं वाढीचं कलम इथे टाकावं.