कर्लचा भार नेमका कुठे पडतो

> "डंबेल कर्ल मध्येच जड का लागतो? केबल, बँडवर तसं का वाटत नाही?"

डंबेल कायम सरळ खाली ओढतं, त्यामुळे कोपरापासून त्याचं आडवं अंतर किती, यावर भार ठरतो. कोपर ते मूठ ३० सेंमी धरा. हात आडवा असताना पूर्ण ३०. लोंबत्या हातापासून ३० अंशच वर आलात तर १५, म्हणजे भार निम्मा. केबल मात्र पुलीच्या दिशेने ओढते. सात रस्त्याजवळच्या आमच्या जिममध्ये मी पोरांना खालच्या पुलीकडे पाठ करून, पाऊलभर पुढे उभं करतो. केबल मागे-खाली ओढते, म्हणून सुरुवातीलाच बायसेप्सवर ताण येतो. बँड ताणेल तसा कडक होतो. खाली सैल, वर जड. आणि डंबेल उचलताना पाठ झुलायला लागली, तर आडव्या टप्प्यात वजन झेपत नाहीये, ते कमी कराच.