शिक्का नाही तर ती सहल फॉर्ममध्ये लिहायची की नाही?

भुसावळकर_नितीन: आईचा इंग्लंडचा व्हिजिट व्हिसा भरतोय. गेल्या 10 वर्षांतले परदेश प्रवास विचारलेत. दोन पासपोर्ट आहेत, जुना ओला होऊन शिक्के फिसकटलेत. 2023 ची सिंगापूर-मलेशिया टूर केलेली, पण सिंगापूरचा शिक्काच नाही. 2018 ला गोरखपूरवरून बसने पशुपतिनाथ, त्याचाही नाही. एजंट म्हणतो, शिक्के दिसतात तेवढंच भरा. तुमचं काय मत?

केळीवाला_रावेर: एजंट बरोबर बोलतो भो. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही, मग तो परदेश कसला? जे कागदावर नाही ते लिहून उगाच प्रश्न ओढवून घ्यायचे का?

सुनंदा_अमळनेर: व्हिसा लागत नाही हे खरं, पण प्रश्न व्हिसाचा नाही, प्रवासाचा आहे. नेपाळ हा वेगळा देश आहे. एजंटचं काय जातं? फॉर्मखाली सही आईची असते.

मी माझ्या सासऱ्यांचा हिशेब असाच लावला होता. आधी फक्त मुंबईचे शिक्के घ्या. विमानाने गेलेल्या प्रत्येक सहलीला एक जाण्याचा, एक येण्याचा असतो. त्यांच्या जोड्या लावा. एखादा एकटा उरला, तर तिथे पान चिकटलंय किंवा शिक्का दुसऱ्या पासपोर्टात आहे असं समजा. जोड्या जमल्या की मधे बाहेरच्या देशांचे शिक्के बसवायचे.

तुमच्या टूरला 2023 च्या मुंबईच्या दोन तारखा काय आहेत? आणि मलेशियात शिरल्याची?

भुसावळकर_नितीन: मुंबईहून 6 मे, परत 14 मे. मलेशियात 10 मे ला जोहोरचा शिक्का, 13 ला बाहेर.

सुनंदा_अमळनेर: मग झालं की! 6 ला रात्री निघाल्या असतील तर 7 ला उतरल्या, आणि 10 ला पुलावरून बसने मलेशियात. मधले दिवस सिंगापूरचे. सिंगापूरने 2022 पासून परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारणं बंद केलंय, ई-पास मेलवर येतो. मेल टूरवाल्याचा दिला असेल, तर त्यांच्याकडे मागा. नाही मिळाला तर आईच्या मोबाईलमधले फोटो तारखेसकट पाहा.

धुळे_बँकर: ताई, तिकिटावरची तारीखच धरा ना, एवढी कसरत कशाला? बोर्डिंग पास असेल तर संपलं.

सुनंदा_अमळनेर: बोर्डिंग पासवर बहुतेक वेळा वर्षच नसतं, 07MAY एवढंच. आणि तो कागद उष्णतेने छापलेला. आमच्याकडच्या मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवलेला पास मला अर्धा कोराच मिळाला होता. दुसरं म्हणजे, विमान रात्री 12:40 चं असेल तर तिकिटावर 7 तारीख, पण इमिग्रेशनचा शिक्का 6 रात्रीचा. दोन्ही खरे. मी शिक्क्याची धरते. फरक एका दिवसाचा असला, तरी 31 तारखेला महिनाही बदलतो.

चोपडा_पाटील: माझा जुना पासपोर्ट हरवलाय, पोलीस तक्रार केलीय. नवीन किती दिवसांत मिळतो?

सुनंदा_अमळनेर: पाटील भाऊ, इथे ते नाही चाललं. पण हरवलेल्याचा नंबर, तारीख, जारी झाल्याचं ठिकाण नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर सहसा असतं. तुम्हाला पुढे उपयोगी पडेल.

केळीवाला_रावेर: मान्य, सिंगापूरचं पटलं. पण नेपाळ? पुरावा काय देणार? आणि नाही लिहिलं तर त्यांना कळणार कसं?

सुनंदा_अमळनेर: कदाचित नाही कळणार. पण मुलाखतीत किंवा पुढच्या फॉर्ममध्ये आई सहज 'पशुपतिनाथ' म्हणाल्या तर? मुद्दाम लपवलं असं ठरलं तर तिकडे 10 वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अजाणता चूक वेगळी धरतात, पण एजंटच्या सांगण्यावरून गाळलेली अजाणता कशी म्हणणार?

भुसावळ-गोरखपूर रेल्वेच्या तिकिटाचा मेसेज शोधा, बाबांची डायरी पाहा. तारीख नाहीच सापडली, तर महिना-वर्ष अंदाजे आणि शेवटच्या 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात दोन ओळी: जमिनीवरून गेलो, भारतीयांना शिक्का मिळत नाही, तारीख आठवणीवरून दिलीय.

धुळे_बँकर: अंदाजे लिहिणं मला पटत नाही. चुकीची तारीख नंतर दुसऱ्या फॉर्मशी जुळली नाही तर तेच खोटं ठरतं. म्हणून जे भरलं त्याची प्रत ठेवा, पुढे तीच तारीख द्या.

सुनंदा_अमळनेर: हे मात्र अगदी बरोबर. आम्ही वहीच्या एका पानावर सगळं लिहून ठेवलंय.

भुसावळकर_नितीन: बाबांच्या डायरीत सापडलं: '3 नोव्हें. रात्री गाडी, 5 ला सीमा.' परतीची तारीखच लिहिली नाही त्यांनी. आणि आणखी एक. 2017 ला अमेरिकेला जाताना दुबईत सात तास थांबलो होतो, विमानतळाबाहेर पडलो नाही. दुबई लिहू का?

केळीवाला_रावेर: लिहू नका.

सुनंदा_अमळनेर: शिरलाच नाहीत तर मी नसतं लिहिलं. पण फॉर्मचे शब्द नीट वाचा. 'प्रवास केला' आणि 'प्रवेश केला' यात मला स्वतःलाही दरवेळी घोळ होतो.