टीव्ही ‘टक्’ करतो, लाल लाइट मिचकावते, पण सुरू होत नाही. मदत हवी आहे

कपाशीवाला: दारव्ह्याहून आत आमचं गाव. ३२ इंची एलसीडी, नऊ वर्षं जुना. रिमोट दाबला की आतून टक्, लाइट मिचकावते, परत टक्, असंच चालतं. आधी प्लग लावून दहा मिनिटं ठेवला की सुरू व्हायचा. पोळ्यापासून तेही बंद. तालुक्याच्या मेकॅनिकनं न खोलताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून साडेचार हजार सांगितले. मी मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो, मीटर नि सोल्डरगन घरी आहे. काय तपासू?

विदर्भवीर: लो व्होल्टेज आहे भाऊ. डीपीवर रात्री साऱ्यांच्या मोटारी चालतात ना. स्टॅबिलायझर लाव.

जुना_सोल्डर: लो व्होल्टेज असतं तर लाइन चांगली असताना सुरू झाला असता. प्लग लावून ठेवला की चालायचा, यातच सगळं आलं. सुकत चाललेला कपॅसिटर गरम झाला की थोडा वेळ काम देतो. स्टँडबायचे ५ व्होल्ट प्रोसेसरला जातात. रिमोट दाबला की रिले ओढला जातो, लोड वाढतो, ५ व्होल्ट खाली बसतात, प्रोसेसर रीसेट होतो नि रिले सुटतो. तुमचं टक्-टक् ते हेच.
आधी प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात, ६० वॉटचा बल्ब लावून उतरवा आणि मीटरनं खात्री करा. मग पॉवर बोर्डच्या कनेक्टरवर `5VSB` किंवा `STB` छापलेलं शोधून मीटर लावा, मगच प्लग जोडा. रिमोट दाबताना आकडा बघा, हात लांब ठेवा.

नवखा_७: माझ्यात आवाज येतो, चित्र नाही. मीही कपॅसिटर बदलू का?

जुना_सोल्डर: नाही हो, तो बहुतेक बॅकलाइट. वेगळा धागा काढा.

कपाशीवाला: नुसता ५.१, टक् होताच ३.४! १००० मायक्रोफॅरॅड १० व्होल्टचे दोन वरून फुगलेत, नखाला उंचवटा लागतो. तिसरा सपाट आहे.

जुना_सोल्डर: मीटर हळू असतो, खरं तर त्याहून खाली जात असेल. तिन्ही बदला, सपाट म्हणजे चांगला असं नसतं. १०५ डिग्री, लो ईएसआर घ्या. जागेत बसले तर १६ व्होल्टचे. मायनसची पट्टी आधीसारखीच ठेवा.

कपाशीवाला: लावले, झाला सुरू! साठ रुपयांत. पण सकाळच्या थंडीत अजून दोनदा टक् करूनच लागतो. काहून?

जुना_सोल्डर: स्टँडबाय आयसीजवळ प्रायमरीत ४७ मायक्रोफॅरॅड ५० व्होल्टचा एक छोटा असेल. तो न फुगताच सुकतो. त्यावर हेअर ड्रायरची गरम हवा द्या, बोर्डाची लाइन बंद ठेवून. मग लगेच प्लग लावून पहिल्याच टकला लागला तर दोषी तोच. नाही लागला तर मेनबोर्डकडं बघावं लागेल.

विदर्भवीर: स्टॅबिलायझर तरी लावा.

कपाशीवाला: हेअर ड्रायर शेजारच्या वहिनींकडून आणला. पहिल्याच टकला लागला. ४७ चा दारव्ह्यात मिळाला नाही, यवतमाळला कोणी गेलं की आणवतो. तोवर रोज सकाळी दोन टक्.