शब्दचर्चा: ‘निवडीचा परिणाम’ नेमका कशाला म्हणावे?

जुळे सोलापूरकर: आमच्या म्युच्युअल फंड वितरण कार्यालयात ग्राहकांसाठी मराठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. फंडाचा परतावा ८ टक्के आणि बेंचमार्कचा ६.४ टक्के आहे. वरच्या १.६ टक्क्यांची फोड तक्त्यात ‘अलोकेशन’ आणि ‘सिलेक्शन’ अशी केली असून मी त्यांना ‘वाटपाचा परिणाम’ आणि ‘निवडीचा परिणाम’ म्हटले आहे. मात्र ‘वाटप’ वाचून ग्राहकांना लाभांश आठवतो. शिवाय, याच फंडाच्या दोन तक्त्यांत अलोकेशन १.८ असे सारखेच असले, तरी सिलेक्शन एकात अधिक ०.६ आणि दुसऱ्यात उणे ०.२ आहे. मग निवड चांगली होती असे लिहावे की वाईट? मूळ आकडे असे: बेंचमार्कमध्ये बँका ६० टक्के, परतावा १०, आयटी ४० टक्के, परतावा १. फंडात बँका ८० टक्के, परतावा ९. आयटी २० टक्के, परतावा ४.

सात रस्ता: वाटप म्हणजे शेअर, रोखे आणि सोने यांत पैसे किती विभागले ते. हा फंड केवळ शेअरचा असल्याने येथे तो शब्दच लागू नाही. दुसरे असे की १.८ मधून ०.२ वजा केल्यास १.६ उरतात, तर १.८ आणि ०.६ मिळून २.४ होतात. पहिला तक्ता सरळ चुकलेला आहे.

अक्कलकोट रस्ता: माझा टॉवेलचा व्यवसाय आहे आणि माझ्याकडे पाच कंपन्यांचे शेअर आहेत. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा यंदा मला जास्त मिळाले. त्यातले वाटपाचे किती आणि निवडीचे किती, हे कोणी काढून देईल काय?

होटगी रस्ता: मुंबईत एका फंड कंपनीत हेच मोजमाप मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेअर, रोखे आणि सोने यांतील विभागणीलाही अलोकेशन म्हणतात हे खरे. पण फोड ज्या पातळीवर करावी त्या पातळीवर तो शब्द लागतो, आणि येथे ती पातळी क्षेत्रांची आहे. फंडाने बँकांचे वजन २० टक्क्यांनी वाढवले. बँकांचा परतावा एकूण बेंचमार्कपेक्षा ३.६ ने जास्त होता, म्हणून ०.७२ मिळाले. आयटीचे वजन तेवढेच कमी ठेवले आणि आयटी बेंचमार्कपेक्षा ५.४ ने मागे होते, म्हणून १.०८ मिळाले. बेरीज १.८.

पहिला तक्ता चुकलेला नाही. त्यातला तिसरा रकाना कोणीतरी गाळला आहे. निवड मोजताना बेंचमार्कचे वजन घेतले, तर बँकांत उणे ०.६ आणि आयटीत अधिक १.२, म्हणजे एकूण ०.६ येते. मग उणे ०.८ उरते, ज्याला आम्ही इंटरॅक्शन म्हणत असू. त्याचे कारण उघड आहे: या व्यवस्थापकाने जिथे शेअर चांगले निवडले त्या आयटीत पैसे कमी ठेवले, आणि जिथे निवड फसली त्या बँकांत जास्त घातले. फंडाचे स्वतःचे वजन घेतले की हा भाग निवडीतच मिसळतो, आणि बँकांचे उणे ०.८ व आयटीचे ०.६ मिळून उणे ०.२ होते. ब्रिन्सन, हूड आणि बीबोवर यांच्या १९८६ च्या मांडणीत इंटरॅक्शन वेगळे आहे; अनेक कंपन्या ते निवडीत घालतात, कारण इंटरॅक्शनचा निर्णय म्हणून वेगळा कोणी घेत नसतो. माझे मतही तेच आहे.

त्याच मांडणीत आणखी एक मेख आहे. तीत वजनातील फरकाला क्षेत्राच्या नुसत्या परताव्याने गुणतात, त्यामुळे अलोकेशनची बेरीज १.८ च राहते, पण बँकांना २.० आणि आयटीला उणे ०.२ दिसते. आयटी मागे पडत असताना त्यात कमी पैसे ठेवणे हा तोटा कसा? ब्रिन्सन आणि फॅक्लर यांच्या १९८५ च्या पद्धतीत, जी मी वर वापरली, हे होत नाही.

अक्कलकोट रस्ता यांना: मुदत ठेवीत क्षेत्रे नसतात, म्हणून तिच्याशी तुलना करून ही फोड निघत नाही. ज्याला क्षेत्रवार वजने आहेत असा निर्देशांक घ्यावा लागेल, आणि तोही लाभांश धरणारा. नाहीतर लाभांशाचे पैसे तुमच्या निवडीच्या खात्यावर जमा होतील.

अक्कलकोट रस्ता: पण माझे पैसे एरवी ठेवीतच गेले असते, निर्देशांकात नव्हे.

सात रस्ता: तिसऱ्या रकान्याचे पटले. तरीही ‘वाटप’ नको; ‘क्षेत्रभाराचा परिणाम’ म्हणावे.

होटगी रस्ता: अर्थ चोख बसतो, पण ग्राहक तो शब्द दोनदा वाचेल. मी ‘वाटप’ ठेवून पहिल्या वापराच्या वेळी ‘क्षेत्रांमधील वाटप’ असे लिहीन.

जुळे सोलापूरकर: मग ‘निवडीचा परिणाम (इंटरॅक्शनसह)’ असे लिहून उणे ०.२ देतो, आणि आयटीतील निवड चांगली होती हे खालच्या ओळीत सांगतो. हा आकडा एका तिमाहीचा आहे. चार तिमाहींचे परिणाम बेरजेने वर्षाचे होतील काय?

होटगी रस्ता: नाही. परतावा चक्रवाढीने जुळतो, त्यामुळे साध्या बेरजेत फरक उरतो आणि तो वाटून टाकण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. तुमच्या दोन्ही तक्त्यांत कोणती वापरली आहे ते आधी विचारून घ्या.