जिन्यावर येणारी पाठीतली कळ

"दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखते. बाम लावून थांबावे का?"

कळ कशाने उठते आणि कशाने शमते, हे आधी पाहावे. बोटाने दाबल्यावर नेमकी तीच उठली तर बहुधा स्नायूची, मान वळवताच हातात मुंग्या उतरल्या तर मणक्याची, आणि घास गिळताना किंवा जेवून आडवे होताच जळजळीसह आली तर अन्ननलिकेची असते. माझ्या वडिलांची कळ मात्र दुसऱ्या मजल्यावर येई, पायरीवर थांबले की पाच मिनिटांत ओसरे, आणि पाठ दाबून काहीच दुखत नसे. विश्रांतीत काढलेला ईसीजी निर्दोष आला, तरी ट्रेडमिल चाचणीत हृदयाचा दोष दिसलाच. सोबत घाम किंवा धाप असेल, किंवा कळ अचानक फाडल्यासारखी आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.