अनुभव धागा: अल्कोहोल, अल्जिब्रा, झिरो... अरबस्तानातून इंग्रजीत जाताना बदललेले शब्द

माळ्यावरची
काल माळा आवरताना आत्याची पितळी सुरमेदानी सापडली. लेक फार्मसीला आहे. ती म्हणते, "आई, अल्कोहोल म्हणजे मुळात हेच." मला वाटलं थट्टा करतेय, पण खरंच अरबीत अल-कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायची काळी पूड! तेव्हापासून डोक्यात तेच. असा इंग्रजी शब्द अरबी मूळ घेऊन तुम्हाला कधी आडवा आलाय का? लिहा.

जुनाकेमिस्ट
लेकीला शाबासकी द्या. ती पूड अँटिमनीच्या खनिजाची, घोटून घोटून मैद्यासारखी केलेली. युरोपातल्या किमयागारांनी शब्द उचलला तो 'अतिशय बारीक पूड' या अर्थाने, मग ती कशाचीही असो. पदार्थ तापवून त्याची वाफ थंड भांड्यावर धरली की जमते ती पूडही त्यातच मोजायचे. इथे अर्थ सरकला: पुडीवरून 'शुद्ध करून काढलेलं सत्त्व' याच्याकडे. मग १६व्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्य-किमयागाराने वाइनच्या अर्काला 'अल्कोहोल विनी' म्हटलं, म्हणजे वाइनचं सत्त्व. हळूहळू 'विनी' गळलं आणि १८व्या शतकापर्यंत नुसतं अल्कोहोल म्हटलं की तो अर्कच समजायचा.

बंड्या_नाशिक
म्हणजे आमच्या वायनरीवाल्यांनी डोळ्यांत घालायचं प्यायला लावलं 😂

मस्कतवाली
मी इथे नर्स आहे. स्पिरिटच्या बाटलीवर अरबीत 'कुहूल' लिहिलेलं असतं. बाजारात बायका 'कुह्ल' मागतात ते डोळ्यांचं. म्हणजे शब्द युरोप फिरून घरी परतला, पण जरा वेगळा उच्चार घेऊन. ड्यूटी सुरू होतेय, नंतर येते.

स्वप्नाळू७
मी तर वाचलंय की ते अल-घूल वरून आलंय, म्हणजे भूत. दारू अंगात शिरते ना. व्हॉट्सअॅपवर होतं.

जुनाकेमिस्ट
घूल वरून इंग्रजीतला भुताचा शब्द 'गूल' आला, आणि अल्गोल ताऱ्याचं नाव. दारू नाही. युरोपात आधी पुडीचा अर्थ लिहिलेला सापडतो, दारूचा नंतर. भूतापासून शब्द निघाला असता तर मध्ये पूड कशाला आली असती?

स्वप्नाळू७
मान्य. पण भुताची गोष्ट जास्त चांगली होती.

चिऊचीआई
माझ्या मुलाला अल्जिब्रात २० पैकी ७. त्याला विचारलं तर म्हणतो अरबांनी त्रास दिला. कुणी चांगला क्लास सुचवा, कोथरूडमध्ये.

गणितकाकू
क्लासचं नंतर बघू, आधी हे त्याला सांग. अल-जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा जोडणं. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणायचे! नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने ग्रंथाच्या नावात हा शब्द घातला. त्याचं एक उदाहरण आपल्या खुणांत मांडलं तर असं:

x² = 40x − 4x²

उजवीकडच्या ४०x मधून ४x² वजा केल्यामुळे ती बाजू 'मोडलेली'. दोन्हीकडे ४x² मिळवले की ती भरून निघते:

5x² = 40x

हे मिळवणं म्हणजे जब्र. पुढे x² = 8x, म्हणून x आठ. तो स्वतः मात्र हे सगळं शब्दांतच लिहायचा. मुलं 'चिन्ह बदलून पलीकडे न्या' एवढंच पाठ करतात आणि तिथेच चुकतात.

चिऊचीआई
काकू, हे त्याला वाचून दाखवलं. म्हणतो आठ कळलं, हाडं नाही कळली 🙏

दख्खनी
जब्र म्हणजेच आपली जबरदस्ती ना? अल्जिब्रा खरंच जबरदस्ती आहे.

उर्दूप्रेमी
नाही हो. जबरदस्त फारसी 'ज़बरदस्त' वरून, ज़बर म्हणजे वर. ज्याचा हात वर तो. 'जबरन' मधला जब्र मात्र अरबी. उच्चार जवळ आल्याने मराठीत दोन्हींची सरमिसळ झालीय, 'जबर' कुठल्या घरचा हे मला नक्की नाही.

बाकीशून्य
झिरोचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आपलं शून्य म्हणजे रिकामं. अरबांनी शब्द नाही उचलला, अर्थ उचलला आणि त्यांचा 'सिफ्र' वापरला. इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञाने १२०२ मध्ये त्याचं लॅटिन 'झेफिरम' केलं, इटालियनात ते आक्रसत झिरो झालं. त्याच सिफ्रचा 'सायफर' पण. तो आधी शून्य, मग कोणताही आकडा, मग गुप्त लिपी. मी बँकेत होतो, गुप्त कोड रोज हाताळले, हे निवृत्तीनंतर कळलं.

बंड्या_नाशिक
अलार्म, अल्बम पण अरबीच असणार. सगळ्यांना 'अल' आहे.

बाकीशून्य
अल्बम लॅटिन, म्हणजे पांढरा. अलार्म इटालियन, 'शस्त्रं उचला'. नुसत्या 'अल'वर जाऊ नका.

मस्कतवाली
आले. ताई, ती सुरमेदानी शोभेला ठेवा, जुना सुरमा लहान मुलांना लावू नका. बाजारच्या बऱ्याच सुरम्यांत शिसं निघतं. घरचं काजळ वेगळं, ती दिव्याची काजळी.

माळ्यावरची
आतला काळा थर घासून काढू का? चिंचेने पितळ छान निघतं, पण मग हात?

मस्कतवाली
ग्लोव्हज घाला, आणि कोरडं घासू नका, पूड उडते.

चिऊचीआई
कोथरूडचा क्लास राहिलाच हं.