थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी केला, तरी आईची नाडी जलदच का? मदत हवी आहे

नाशिकरोडकर: माझ्या आईचे वय 63 असून ती बरीच वर्षे थायरॉक्सिनची 125 मायक्रोग्रॅमची गोळी घेत आहे. अलीकडच्या तपासणीत थायरॉइडला चालना देणारा टीएसएच 0.04 इतका कमी आला, म्हणजे डोस जास्त होत होता, बसल्या जागी नाडी 104 लागली आणि हाडांच्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.6 निघाला, म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत. डॉक्टरांनी डोस 100 केला, त्याला दुसरा आठवडा चालू आहे. नाडी अजूनही 98 आहे. गोळी कमी होऊनही परिणाम का टिकतो, आणि एकच संप्रेरक हृदयाला व हाडांना दोन्हींना कसे बाधते, हे समजून घ्यायचे आहे.

सिन्नरकर: थायरॉइड वाढले की ॲड्रेनालिन वाढते, त्यामुळे धडधड होते. म्हणूनच प्रोप्रानोलॉल देतात.

शरीरक्रिया_शिक्षिका: प्रोप्रानोलॉलने धडधड कमी होते हे खरे, पण रक्तातील ॲड्रेनालिन वाढलेले नसते, हृदय त्याला अधिक प्रतिसाद देऊ लागते. मूळ काम पेशीच्या केंद्रकात चालते. गोळीतील टी-4 पासून शरीरात टी-3 बनते. त्याचे ग्राही, म्हणजे त्याला जोडून घेणारी प्रथिने, डीएनएवर आधीपासून बसलेले असतात आणि टी-3 नसताना अनेक जनुके दाबून ठेवतात. टी-3 जोडले गेले की तीच जनुके वाचली जाऊ लागतात. हृदयात, मुख्यतः टी-3 च्या आल्फा प्रकारच्या ग्राहींमार्फत, ठोक्यांची गती ठरवणाऱ्या आयन-वाहिन्या आणि कॅल्शियम खेचणारे पंप वाढतात. इतर पेशींत सोडियम-पोटॅशियम पंप वाढल्याने अधिक ऊर्जा खर्च होऊन उष्णता निर्माण होते.

उशीर दोन कारणांनी होतो. टी-4 ची रक्तातील पातळी निम्मी व्हायला सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला महिनाभर जातो. शिवाय आधी तयार झालेली प्रथिने झिजेपर्यंत काम करत राहतात. टीएसएच त्याहूनही मागे रेंगाळतो, म्हणून तो 6 ते 8 आठवड्यांनी तपासावा. आत्ता केलेली तपासणी दिशाभूल करील.

पंचवटी_वाचक: माझे थायरॉइड कमी आहे आणि वजन उतरत नाही. मीही डोस वाढवून घेऊ का?

शरीरक्रिया_शिक्षिका: टीएसएच योग्य असेल तर मुळीच नको, वजनासाठी वाढवलेला डोस हृदय व हाडांवरच पडतो.

नाशिकरोडकर: मनापासून आभार. हाडांचे मात्र राहिले.

शरीरक्रिया_शिक्षिका: हाड सतत खणले आणि भरले जाते, एका फेरीला साधारण 200 दिवस लागतात. टी-3 जास्त असेल तर खणणे व भरणे दोन्ही वेगाने होते, फेरी जवळजवळ निम्म्यावर येते आणि भरणी पुरी होण्याआधीच संपते. प्रत्येक फेरीत थोडी तूट राहते, आणि पाळी गेल्यानंतर ती भरून निघणे कठीण असते. टीएसएच दबल्याचा हाडांवर स्वतंत्र परिणाम होतो का, यावर अजून मतभेद आहेत.

सिन्नरकर: मग डोस नीट झाल्यावर आईंचा टी-स्कोअर किती सुधारेल?

शरीरक्रिया_शिक्षिका: तो आकडा आधी सांगता येत नाही, या वयात हाडांसाठी वेगळे औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. त्याआधी, नाडी नुसती जलद आहे की अनियमितही लागते, हे सकाळी उठण्यापूर्वी मनगटावर पाहा. अनियमित लागल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता ईसीजी काढून घ्या.